कीबोर्ड वर येतो तेव्हा रकाना कुठे जातो?

फोनवर लांबलचक अर्ज भरताना नाव, जन्मतारीख, पत्ता असं सगळं सुरळीत भरून होतं आणि शेवटच्या पिनकोडपाशी घोडं अडतं. रकान्यावर बोट टेकवावं तर खालून कीबोर्ड वर येतो आणि नेमका तो रकानाच झाकून टाकतो. मग माणूस अंदाजाने सहा आकडे दाबतो, कीबोर्ड खाली घालवतो, काय उमटलंय ते बघतो आणि चुकलं असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. ‘अर्ज सादर करा’ हे बटणही बऱ्याचदा कीबोर्डच्या खालीच असतं. अशा वेळी बहुतेकांना वाटतं की आपल्यालाच फोन नीट वापरता येत नाही. प्रत्यक्षात चूक असते ती स्क्रीनची मांडणी करणाऱ्याची, आणि ती टाळण्याची साधनं त्याच्या हाताशी केव्हाची आहेत.

दुसरी तक्रार वरवर पाहता अगदी वेगळी वाटते. नव्या फोनच्या स्क्रीनला वरच्या बाजूला कॅमेऱ्यासाठी खाच असते, तिला सगळे नॉच म्हणतात. चारही कोपरे गोलाकार असतात. फोन आडवा धरला की एखाद्या अ‍ॅपमधलं मागे जाण्याचं बटण त्या खाचेत शिरतं किंवा कोपऱ्यातलं अक्षर अर्धवट कापलं जातं. ही दोन दुखणी निरनिराळी समजून त्यांवर वेगवेगळे उपाय केले जातात, आणि माझ्या मते खरा घोळ तिथेच सुरू होतो. दोन्हींमागे प्रश्न एकच आहे: स्क्रीनच्या चार कडांपैकी प्रत्येक कडेची किती जागा या क्षणी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे?

हा प्रश्न 2017 पर्यंत फारसा कुणाला पडत नव्हता. स्क्रीन म्हणजे सरळ आयत. वर घड्याळ आणि बॅटरी दाखवणारी बारीक पट्टी, बाकी सगळं आपलं. आयफोनवर त्या पट्टीची उंची 20 पॉइंट होती. पॉइंट हे मांडणीचं एकक. स्क्रीन कितीही बारीक ठिपक्यांची असली तरी मजकूर साधारण सारख्याच आकाराचा दिसावा म्हणून ते वापरतात. हा 20 चा आकडा कित्येकांनी आपल्या कोडमध्ये सरळ लिहून टाकला होता. मग 2017 च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने आयफोन एक्स आणला. त्याची स्क्रीन 375 पॉइंट रुंद आणि 812 पॉइंट उंच होती. वर नॉच होती आणि खाली गोल बटणाऐवजी एक आडवी रेघ आली, ती वर सरकवली की अ‍ॅपमधून बाहेर पडता येतं. उभ्या फोनमध्ये वरचे 44 आणि खालचे 34 पॉइंट आता मोकळे राहिले नव्हते.

अ‍ॅपलने यासाठी ‘सेफ एरिया’ ही कल्पना पुढे केली. मराठीत तिला सुरक्षित क्षेत्र म्हणू. कुठल्या कडेला किती जागा सोडायची हे फोनच अ‍ॅपला सांगतो. पार्श्वभूमीचा रंग किंवा चित्र हवं तर पार कडेपर्यंत जाऊ द्यावं, पण वाचायचं आणि दाबायचं ते सगळं सुरक्षित क्षेत्रात ठेवावं. ज्यांनी ही सूचना ऐकली ते सुटले. ज्यांनी 20 खोडून 44 लिहिलं ते पुन्हा अडकले, कारण पुढच्या मॉडेलांमध्ये हा आकडा बदलतच गेला आणि 2022 च्या आयफोन 14 प्रोमध्ये तो 59 झाला. अँड्रॉइडमध्ये तर खाच मधोमध, कोपऱ्यात किंवा नुसत्या भोकासारखी असू शकते. तिचा ठावठिकाणा विचारण्याची सोय अँड्रॉइडच्या 9 व्या आवृत्तीत, 2018 मध्ये आली.

आता कीबोर्डकडे येऊ. नॉच कायमची असते, कीबोर्ड येतो आणि जातो. शिवाय त्याची उंचीही ठरलेली नसते. वर शब्द सुचवणारी पट्टी चालू असली की तो उंच होतो. मराठीवरून इंग्रजीवर गेलं, भावचिन्हांचा तक्ता उघडला किंवा नुसता आकड्यांचा कीबोर्ड आला, तरी उंची बदलू शकते. अँड्रॉइडवर तर ज्याला जो आवडेल तो कीबोर्ड उतरवून घेता येतो आणि त्याची उंची कमीजास्त करता येते. मराठी टाइप करणाऱ्याला एका अर्जात दोनतीनदा कीबोर्ड बदलावा लागतो: नाव देवनागरीत, ईमेल इंग्रजीत, मोबाइल क्रमांक आकड्यांत. इंग्रजीखेरीज दुसरा कीबोर्ड कधी न उघडणाऱ्या चाचणी करणाऱ्याला या अडचणी दिसतच नाहीत.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. फोन आयफोन एक्सच घेऊ, म्हणजे उंची 812. अर्जातला शेवटचा रकाना पिनकोडचा, त्याची खालची कड वरून 608 वर आहे. रकान्याखाली चुकीची सूचना दाखवायला 16 पॉइंट जागा हवी, म्हणजे 624 पर्यंतचा भाग दिसलाच पाहिजे. त्याखाली आणखी 16 पॉइंट मोकळे, म्हणजे अर्जाचा सगळा मजकूर 640 वर संपतो. ‘पुढे’ हे 50 पॉइंट उंचीचं बटण मात्र मजकुराबरोबर न सरकता स्क्रीनच्या तळाशी ठाण मांडून आहे.

वापरणाऱ्याने रकान्यावर बोट टेकवलं. फोनने कीबोर्ड उघडला. शब्द सुचवणाऱ्या पट्टीसह त्याची उंची 335 आहे, म्हणजे त्याची वरची कड 812 वजा 335, म्हणजे 477 वर आली. रकाना 608 वर, तेव्हा तो पूर्ण झाकला गेला. आता बटण कीबोर्डच्या डोक्यावर, 8 पॉइंट अंतर सोडून, न्यायचं. त्याची वरची कड 419 वर येईल. म्हणजे 624 वरची रेषा 419 पर्यंत वर यायला हवी. मजकूर 205 पॉइंट वर सरकवा, काम झालं.

पण तो सरकतच नाही! मजकूर 640 चा आणि ज्या चौकटीत तो सरकायचा ती 812 ची. सगळा मजकूर चौकटीत मावतोय, तर सरकायला वाव कुठून येणार? कीबोर्ड चौकटीवर येऊन बसला आहे, पण चौकटीला त्याचा पत्ताच नाही. नवशिक्यांना दिवसदिवस छळणारी जागा हीच. ‘रकाना वर आण’ असा हुकूम कोड इमानाने सोडतो आणि काहीही घडत नाही.

त्यासाठी आधी चौकटीला सांगावं लागतं की तळाचा इतका भाग झाकलेला आहे. आपल्या उदाहरणात 812 वजा 419, म्हणजे 393 पॉइंट. तेवढी जागा मजकुराच्या शेवटी भर म्हणून घातली की एकूण उंची 640 अधिक 393, म्हणजे 1033 होते. त्यातून चौकटीचे 812 वजा केले की सरकायला 221 पॉइंट वाव मिळतो. आपल्याला 205 हवे होते. आता रकाना वर येतो, त्याखालची ‘पिनकोड सहा अंकी हवा’ ही सूचनाही दिसते आणि बटणही हाताशी राहतं. क्रमही हाच ठेवावा लागतो: आधी जागा वाढवायची, मग सरकवायचं. उलट केलं तर रकाना कधी वर येतो, कधी येत नाही. दुसऱ्यांदा बोट लावल्यावर मात्र हमखास येतो, कारण तोवर जागा वाढलेली असते. ‘पहिल्या वेळी चालत नाही, दुसऱ्या वेळी चालतं’ अशी तक्रार आली की अनुभवी माणूस आधी हा क्रम तपासतो.

नॉच आणि कीबोर्ड यांचा संबंध इथेच येतो. कीबोर्ड नसताना तळाच्या बटणाखाली आडव्या रेघेसाठी 34 पॉइंट सोडलेले असतात. कीबोर्ड आला की त्याचे 335 सोडायचे. घाईत लिहिणारा दोन्हींची बेरीज करतो आणि 369 सोडतो. पण कीबोर्डची उंची स्क्रीनच्या अगदी खालच्या कडेपासून मोजलेली असते, ते 34 पॉइंट तिच्यात आधीच आलेले असतात. खिडकीवर आधी छोटा आणि त्यावर मोठा पडदा ओढला तर झाकलेला भाग मोठ्या पडद्याएवढाच असतो, तसंच हे. बेरीज केली की बटण आणि कीबोर्ड यांच्यामध्ये विनाकारण एक रिकामी पट्टी उरते. आयफोन एक्सवर ती सुमारे साडेपाच मिलिमीटर भरते. एकदा ती ओळखायला शिकलात की तुमच्या फोनमधल्या दोनचार अ‍ॅपमध्ये तरी सापडेल.

म्हणून नियम असा की प्रत्येक कडेसाठी सगळ्या दावेदारांतला जो सर्वांत मोठा, तेवढीच जागा सोडायची. अ‍ॅपलने 2021 मध्ये, आयओएसच्या 15 व्या आवृत्तीत, कीबोर्डच्या वरच्या कडेला चिकटून राहणारी एक अदृश्य मार्गरेषा दिली. कीबोर्ड नसतो तेव्हा ती आपोआप सुरक्षित क्षेत्राच्या तळाशी जाऊन बसते. बटण तिला बांधलं की बेरजेचा प्रश्नच उरत नाही. अँड्रॉइडमध्ये हेच काम इन्सेट करतात. इन्सेट म्हणजे प्रत्येक कडेपासून आत सोडायची जागा. वरखालच्या पट्ट्या, नॉच आणि कीबोर्ड यांचे इन्सेट एकत्र मागितले की प्रत्येक कडेसाठी त्यांतला मोठा आकडा हाती येतो:

```kotlin
ViewCompat.setOnApplyWindowInsetsListener(form) { v, insets ->
    val b = insets.getInsets(
        WindowInsetsCompat.Type.systemBars() or
        WindowInsetsCompat.Type.displayCutout() or
        WindowInsetsCompat.Type.ime()
    )
    v.setPadding(b.left, b.top, b.right, b.bottom)
    insets
}
```

कोड न वाचणाऱ्यांनी यात एवढंच पाहावं की कुठेही उंचीचा आकडा लिहिलेला नाही. फोनला विचारलं, त्याने सांगितलं, तेवढी जागा सोडली. कीबोर्ड बदलला की फोन पुन्हा सांगतो आणि मांडणी पुन्हा जुळते.

अँड्रॉइडच्या जुन्या अ‍ॅपमध्ये इतकं करावं लागत नसे. ‘कीबोर्ड आला की माझी खिडकी लहान कर’ अशी एक सूचना अ‍ॅपच्या माहितीपत्रकात लिहून ठेवली की यंत्रणाच खिडकी आखडून घ्यायची. पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या अ‍ॅपमध्ये मात्र ती सूचना दगा द्यायची. अँड्रॉइडच्या 15 व्या आवृत्तीत गूगलने एक पाऊल पुढे टाकलं. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपची खिडकी त्या फोनवर मुळातच कडेपासून कडेपर्यंत पसरते, नॉचच्या मागेही आणि खालच्या पट्टीच्या मागेही. परिणामी वर्षानुवर्षं सुरळीत चाललेल्या अ‍ॅपमध्ये नवी आवृत्ती काढताच रकाने झाकले जाऊ लागले. आपण वापरत असलेलं एखादं अ‍ॅप अपडेटनंतर अचानक असं वागू लागलं, तर कारण हे असण्याची शक्यता बरीच आहे.

वेबपानांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, कारण ब्राउझर एकाच वेळी दोन चौकटी मनात धरतो. एक मांडणीची, जिच्यावर पानाची रचना बेतलेली असते. दुसरी दिसण्याची, म्हणजे डोळ्यांना प्रत्यक्ष दिसतो तेवढा भाग. आयफोनवरच्या सफारीत कीबोर्ड आला की फक्त दुसरी चौकट लहान होते. मांडणीच्या चौकटीला काही कळत नाही, त्यामुळे ‘तळाशी चिकटून राहा’ असं सांगितलेलं बटण इमानाने तळाशी राहतं आणि कीबोर्डमागे जातं. अँड्रॉइडवरचा क्रोम 2022 पर्यंत दोन्ही चौकटी लहान करायचा. त्या वर्षी आलेल्या 108 व्या आवृत्तीपासून तोही सफारीसारखा वागू लागला. ब्राउझरांमध्ये एकवाक्यता आली हे चांगलंच झालं, पण जुन्या वागण्यावर विसंबलेल्या पानांची बटणं बुडाली. जुनं वागणं हवं असेल तर पानाच्या सुरुवातीला तसं सांगावं लागतं:

```html
<meta name="viewport" content="width=device-width,
  initial-scale=1, viewport-fit=cover,
  interactive-widget=resizes-content">
```

यातला शेवटचा भाग क्रोमसाठी. सफारीसाठी मात्र दिसण्याच्या चौकटीची उंची `visualViewport` कडून विचारून बटणाची जागा आपणच ठरवावी लागते. मधला `viewport-fit=cover` हा भाग नॉचसाठी. तो नसेल तर आडव्या आयफोनवर पान सुरक्षित क्षेत्रातच थांबतं आणि दोन्ही बाजूंना रिकामे पट्टे दिसतात. तो घातला की पान कडेपर्यंत पसरतं आणि मग काय कुठे ठेवायचं ही जबाबदारी आपल्यावर येते:

```css
.bottom-bar {
  padding-bottom: max(12px, env(safe-area-inset-bottom));
}
```

इथेही `max` आहे, अधिकचं चिन्ह नाही. सपाट तळाच्या जुन्या फोनवर 12 मिळतात, आडवी रेघ असलेल्या फोनवर लागतील तेवढे. `cover` लिहिलं आणि ही ओळ विसरली, तर नव्या फोनचा फायदा घेण्याच्या नादात पान पहिल्यापेक्षा वाईट होतं. त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं पान बरं, पट्टे दिसले तरी बटणं दाबता तरी येतात.

गोल कोपऱ्यांबद्दल थोडं. उभ्या आयफोनवर वरखालच्या सुरक्षित जागेतच कोपरे झाकले जातात, म्हणून त्यांचा वेगळा विचार सहसा करावा लागत नाही. अँड्रॉइडवर असं गृहीत धरता येत नाही. नॉचचा इन्सेट नॉचपुरताच असतो, कोपरे त्यात मोजलेले नसतात. पूर्ण स्क्रीनचा व्हिडिओ किंवा खेळ असेल तर कोपऱ्यातलं बंद करण्याचं बटण कापलं जाऊ शकतं. अँड्रॉइडच्या 12 व्या आवृत्तीपासून प्रत्येक कोपऱ्याची त्रिज्या विचारता येते. त्रिज्या मिळाली की पुढचं शाळेतल्या भूमितीचं काम आहे. चौकोनी बटणाचा कोपरा वर्तुळकंसाच्या आत राहायचा असेल तर दोन्ही कडांपासून त्रिज्येच्या सुमारे 0.29 पट अंतर सोडावं लागतं. त्रिज्या 40 असेल तर साधारण 12. पूर्ण 40 सोडणारेही पुष्कळ दिसतात, आणि मग बटण कोपऱ्यापासून तुटून मध्येच तरंगत राहतं.

फोन आडवा धरला की हे सगळे दावेदार एकदम अंगावर येतात. उंची उरते 375, त्यातली निम्म्याहून जास्त कीबोर्ड घेतो, आणि नॉच आता बाजूला गेलेली असते. आयफोन डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना सारखीच जागा सोडायला सांगतो, नॉच एकाच बाजूला असली तरी. उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत शीर्षक, रकाना आणि बटण तिन्ही मावत नाहीत. अशा वेळी मी बटण कीबोर्डवर चढवण्याचा हट्ट सोडते. ते मजकुराच्या शेवटी, मजकुराबरोबर सरकणारं ठेवते आणि उरलेली सगळी जागा रकान्याला देते. लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय ते दिसणं पहिलं, बाकी नंतर.

तपासणी करताना पहिला रकाना उघडून समाधान मानू नये, तो नेहमी दिसतोच. शेवटचा रकाना उघडावा, तोही अक्षरांचा आकार सेटिंगमधून मोठा करून, कारण वडीलधारी मंडळी फोन तसाच वापरतात. मुद्दाम चुकीचा पिनकोड टाकून सूचना दिसते का पाहावं. कीबोर्ड उघडा असतानाच मराठीवरून इंग्रजीवर जावं, मग भावचिन्हांवर, मग फोन आडवा करावा. नॉचचा फोन जवळ नसला तरी अडत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये खोटी नॉच दाखवण्याची सोय आहे, मधली, कोपऱ्यातली, वरखाली दोन्हीकडची. ती चालू केली की झाकलेली बटणं लगेच उघडी पडतात.

एका ठिकाणी मात्र कोड लिहिणाऱ्याचे हात बांधलेले असतात. काही कीबोर्ड तळाशी न चिकटता स्क्रीनवर तरंगते ठेवता येतात, बोटाने धरून कुठेही हलवता येतात. जीबोर्ड असा तरंगता केला की तो कुठल्याच कडेची जागा अडवत नाही, म्हणून अ‍ॅपला त्याचा इन्सेट शून्य कळतो. तो रकान्यावर बसला तर अ‍ॅपला ते समजत नाही. तेव्हा कीबोर्ड बाजूला सरकवणं वापरणाऱ्याच्याच हातात असतं. पण तळाशी बसलेल्या कीबोर्डखाली रकाना गेला आणि बोटाने मजकूर ओढूनही तो वर येत नसेल, तर फोन बदलू नका, अ‍ॅपच्या प्रतिसादपेटीत लिहा: कुठला रकाना, कुठला कीबोर्ड, फोन उभा होता की आडवा. दुरुस्त करणाऱ्याला तेवढी माहिती पुरते.